घाईच्या इंग्रजीत आक्रसणारे छोटे शब्द

इंग्रजीतल्या ‘टू’, ‘ऑव्ह’, ‘कॅन’, ‘ॲट’, ‘फॉर’, ‘अँड’ अशा साधारण चाळीस छोट्या शब्दांना उच्चाराची दोन रूपे असतात. शब्द एकटा उच्चारला किंवा त्यावर मुद्दाम जोर दिला, की त्याचा स्वर पूर्ण ऐकू येतो. हे त्याचे सबल रूप. वाक्याच्या ओघात मात्र तोच शब्द आक्रसतो आणि त्याचा मूळ स्वर जाऊन तिथे आखूड, आघातहीन ‘अ’ येतो. हे दुर्बल रूप. ‘कॅन’चे ‘कन’ होते, ‘टू’चा ‘ट’, ‘ॲट’चे ‘अट’, ‘फ्रॉम’चे ‘फ्रम’, तर ‘अँड’चा पुष्कळदा नुसता ‘न्’ उरतो. भारतात सर्रास ‘ऑफ’ म्हटला जाणारा ‘ऑव्ह’ आधी ‘अव्ह’ होतो आणि पुढे व्यंजन आले तर अनेकदा फक्त ‘अ’ राहतो.

दुर्बल रूप म्हणजे निष्काळजी किंवा अशिक्षित उच्चार, असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी 1917 मध्ये सुशिक्षित इंग्रजांच्या उच्चारांचा कोश काढला, त्यातही ही रूपे नोंदलेली आहेत. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाच्या नेहमीच्या बोलण्यात दुर्बल रूप हाच नियम असतो आणि सबल रूप हा अपवाद. शिकणारा नेमके उलटे गृहीत धरतो. त्याला आधी अपवाद शिकवला जातो आणि नियमाची गाठ पडते ती थेट फोनवर किंवा चित्रपटात.

पुढचे वाक्य पाहावे : ‘देअर्ज अ लॉट ऑव्ह वर्क टू डू, बट आय कॅन कम ॲट सिक्स.’ काम भरपूर आहे, पण मी सहाला येऊ शकतो, असा त्याचा साधा अर्थ. यात तेरा शब्द आहेत. त्यांपैकी ‘लॉट’, ‘वर्क’, ‘डू’, ‘कम’ आणि ‘सिक्स’ या पाचांवर आघात पडतो, कारण सांगायची गोष्ट त्यांच्यात आहे. बाकीचे आठ शब्द या पाचांच्या मधल्या फटींत बसवले जातात. इंग्रजीची लय आघातांवर चालते. दोन आघातांमध्ये जितके जास्त शब्द येतील तितके ते दाबून बोलले जातात. हे अंतर घड्याळाने मोजल्यासारखे समान असते असे पूर्वी मानत, मोजमापांत मात्र तसे आढळले नाही. पण आघातहीन अक्षरे आखडतात यात शंका नाही. त्यामुळे भरभर बोलताना वाक्य असे होते : ‘देअर्ज अ लॉट अ वर्क ट डू, बट आय कन कम अट सिक्स.’ शिवाय शब्दांच्या सीमा पुसल्या जातात. ‘लॉट अ’ सलग ‘लॉटअ’ होतो, अमेरिकी तोंडी त्यातला ‘ट’ मवाळ होऊन ‘लॉडअ’ असा ऐकू येतो, आणि ‘कम अट’चे ‘कमट’ होते.

सवय नसलेल्या कानाला यातून ‘लॉट... वर्क... डू... आय... कम... सिक्स’ एवढेच हाती लागते. विषय कळतो, म्हणून ऐकणाऱ्याला आपल्याला सगळे समजले असे वाटते. पण ‘येईन’, ‘येऊ शकतो’ आणि ‘येऊ शकत नाही’ यांतले नेमके काय म्हटले गेले, हे त्या गळलेल्या शब्दांतच असते. जॉन फील्ड या ब्रिटिश अभ्यासकाने दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या श्रवणाचा अभ्यास करून 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. अर्थवाही शब्दांच्या मानाने व्याकरणाचे छोटे शब्द शिकणाऱ्यांना पुष्कळच कमी अचूक ओळखता येत होते, असे त्यात दिसले.

हे शब्द निसटण्याचे पहिले कारण लिपीत आहे. ‘कॅन’ कसाही उच्चारला तरी इंग्रजीत त्याचे स्पेलिंग तेच राहते. पुस्तकात डोळ्यांना पूर्ण शब्द दिसतो, वर्गात शिक्षक तो पूर्ण उच्चारतात, आणि मराठीत उच्चार लिहून दाखवतानाही ‘टू’, ‘ऑफ’, ‘कॅन’ असेच लिहिले जाते. मग मनात शब्दाचे तेवढे एकच रूप साठते. बोलणाऱ्याने ‘कन’ म्हटले तर साठ्यातल्या ‘कॅन’शी ते जुळत नाही आणि कान ते सोडून देतो. मराठीत ‘करतो आहे’चे ‘करतोय’ होते तेव्हा लिहितानाही ‘करतोय’ लिहिता येते, म्हणजे आक्रसलेले रूप डोळ्यांच्याही ओळखीचे असते. इंग्रजीत ही सोय फार थोड्या शब्दांना मिळाली आहे.

दुसरे कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘टू’, ‘ऑव्ह’, ‘ॲट’ ही कामे मराठीत बहुतेक विभक्तीचे प्रत्यय करतात : ऑफिसला, चहाचा, घरात. कितीही घाईत बोलले तरी ‘ला’ आणि ‘चा’ यांचे स्वर टिकून राहतात. ‘ऑफिसला’चे ‘ऑफिसल’ कोणी करत नाही. व्याकरण सांगणारे अक्षर स्पष्ट ऐकू येणारच, ही अपेक्षा मराठी कानात मुरलेली असते. इंग्रजीत नेमके तेच अक्षर सर्वांत पुसट असते.

उच्चाराची अडचण मात्र मराठी माणसाला फारशी नाही, आणि याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दुर्बल रूपांतला तो आखूड स्वर मराठी ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. ज्यांच्या भाषेत असा स्वरच नाही त्यांना तो कमवावा लागतो. मराठी भाषकाच्या तोंडी तो जन्मापासून आहे. देवनागरीत ही रूपे लिहिताही चांगली येतात : ‘कॅन’ आणि ‘कन’, ‘दॅन’ आणि ‘दन’, ‘ॲज’ आणि ‘अज’ हे फरक एका नजरेत दिसतात. ‘बट’, ‘मस्ट’, ‘सम’ अशा काही शब्दांत मात्र मराठी कानाला दोन्ही रूपे जवळजवळ सारखीच वाटतात, आणि तिथे फारसे बिघडतही नाही.

सर्वांत जास्त घोटाळा ‘कॅन’ आणि त्याचे नकारार्थी रूप यांत होतो. शिकणारा फरक शोधतो तो शेवटच्या ‘ट’मध्ये : ‘ट’ ऐकू आला तर नकार, नाही तर होकार. अमेरिकी बोलण्यात हा ‘ट’ बहुधा फुटतच नाही. ‘आय कॅन्ट कम’ म्हणताना हवा क्षणभर अडते आणि लगेच पुढचा ‘क’ सुरू होतो. मग ऐकणाऱ्या अमेरिकी माणसाला होकार आणि नकार वेगळे कसे कळतात? मुख्यतः स्वरावरून आणि आघातावरून. होकारात ‘आय कन कम’ : आघात ‘कम’वर, ‘कन’ निसटता. नकारात ‘कॅन्ट’चा ‘ॲ’ पूर्ण असतो आणि त्यावर आघातही पडतो.

आता सहाच्या बैठकीला येऊ शकणारा पुण्यातला एखादा कर्मचारी अमेरिकेतल्या सहकाऱ्याला फोनवर नीट, स्पष्ट शब्दांत सांगतो : ‘आय कॅन कम ॲट सिक्स.’ त्याचा ‘कॅन’ पूर्ण स्वराचा आणि ठसठशीत असतो. पलीकडच्या कानाला पूर्ण ‘ॲ’ म्हणजे नकाराची खूण. ‘ट’ ऐकू आला नाही तरी त्याला आश्चर्य वाटत नाही, कारण तो एरवीही ऐकू येत नाहीच. ‘येऊ शकतो’ असे सांगितलेले ‘येऊ शकत नाही’ म्हणून पोहोचू शकते, आणि बोलणारा जितका जोर देईल तितकी ही शक्यता वाढते. ब्रिटिश इंग्रजीत नकाराचा स्वर ‘कान्ट’ असा लांब ‘आ’ असल्याने हा धोका कमी असतो.

‘ऑव्ह’ची तऱ्हा वेगळी. तो ‘अ’ झाला, की एकेरी वस्तू दाखवणाऱ्या ‘अ’ या उपपदापासून कानाने वेगळा काढता येत नाही. भूतकाळाच्या रचनेतला ‘हॅव’देखील घाईत ‘अव्ह’ होतो, त्यामुळे ‘शुड हॅव’ आणि ‘शुड ऑव्ह’ यांचा आवाज एकच होतो. म्हणूनच इंग्रजी मातृभाषा असलेली मुले, आणि कित्येक मोठी माणसेही, ‘हॅव’च्या जागी ‘ऑव्ह’चे स्पेलिंग लिहितात. अशा ठिकाणी निवाडा व्याकरण करते. ‘लॉट’ आणि ‘वर्क’ यांच्या मध्ये ‘ऑव्ह’च बसू शकतो, हे ठाऊक असलेला माणूस तो ‘ऐकतो’, आवाजात त्याचा मागमूस थोडाच असला तरी. 1960 च्या दशकात अमेरिकेत पोलॅक आणि पिकेट यांनी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांतून सुटे शब्द कापून इंग्रजी भाषकांना ऐकवले. आजूबाजूच्या शब्दांविना त्यांनाही सुमारे निम्मेच शब्द ओळखता आले. तेव्हा या भाषकांचे कान काही वेगळे नसतात. पुढेमागे काय असणार याचा अंदाज त्यांना पक्का असतो.

सबल रूप कुठे येते हेही माहीत असावे. वाक्य त्या छोट्या शब्दावरच संपले तर तो आक्रसत नाही : ‘येस, आय कॅन.’ दोन गोष्टींचा विरोध दाखवायचा असेल, म्हणजे ‘कडे’ आणि ‘कडून’ यांत फरक करायचा असेल, तर ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ पूर्ण उच्चारले जातात. ‘टू’पुढे स्वर आला तर ‘ट’ऐवजी ऱ्हस्व ‘टु’ होतो : ‘ट गो’, पण ‘टु आस्क’.

कानाला सवय लावण्यासाठी श्रुतलेखन सर्वांत उपयोगी पडते, पण वाक्य अगदी छोटे हवे. तीन-चार सेकंदांचा तुकडा ऐकून ऐकू आले तेवढेच लिहावे, मग व्याकरणाने कुठे काय राहिले ते ताडावे, आणि शेवटी तोच तुकडा पुन्हा ऐकून ताडलेला शब्द तिथे कोणत्या रूपात आहे ते देवनागरीत टिपावे. समोरच्याला ‘सावकाश सांगा’ म्हटले तर याचा सराव होत नाही, कारण सावकाश बोलणारा आपोआप सबल रूपांकडे वळतो आणि ‘कन’ पुन्हा ‘कॅन’ होतो. ध्वनिमुद्रणाची गती कमी केली तर स्वर जसाच्या तसा ‘अ’ राहतो आणि निवांत ऐकता येतो.

बोलताना ही रूपे वापरावीत का, हा प्रश्न वेगळा. भारत, सिंगापूर आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत लोक पूर्ण स्वरांनी इंग्रजी बोलतात आणि एकमेकांना नीट समजतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय संवादासाठी आवश्यक उच्चारांची यादी मांडली, तेव्हा दुर्बल रूपे तिच्याबाहेर ठेवली. ते योग्यच वाटते : ‘ऑव्ह’ पूर्ण उच्चारल्याने कोणाचा गैरसमज होत नाही. ‘कॅन’ला मात्र ही सवलत देता येत नाही, निदान अमेरिकी माणसाशी बोलताना तरी. होकार द्यायचा तर आघात पुढच्या क्रियापदावर टाकून ‘कन’ म्हणावे, आणि नकार द्यायचा तर ‘कॅनॉट’ असे पूर्ण म्हणावे.