दार उघडतं, पण सेल्फ लागत नाही

डोंबिवलीच्या एका गृहस्थांच्या गाडीच्या चावीची बटणं झिजली होती. त्यांनी रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून नवं कव्हर बसवून घेतलं. त्याने जुन्या चावीतलं छोटं सर्किट काढून नव्या कव्हरमध्ये घातलं, पातं तसंच कापून दिलं आणि बटण दाबून दाखवलं. दारं खटकन उघडली. पैसे देऊन गृहस्थ गाडीत बसले, चावी फिरवली, तर सेल्फचा आवाजही नाही. डॅशबोर्डवर चावीचं चित्र असलेला लाल दिवा भराभर लुकलुकत होता. दारं उघडली म्हणजे चावी ठीक आहे, हे त्यांनी आणि चावीवाल्याने, दोघांनीही गृहीत धरलं होतं. चूक तिथेच होती.

अशा चावीत दोन वेगळी यंत्रं असतात. एक रिमोट. तो बटणसेलवर चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ संदेश पाठवून दारांचं कुलूप उघडतो. दुसरा ट्रान्सपाँडर, म्हणजे गाडीला चावीची ओळख पटवणारी चिप. तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की ते १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि त्यातूनच चिपला वीज मिळते. मग गाडीतला इमोबिलायझर चिपला एक आकडा विचारतो. चिप आपल्या गुप्त कोडने त्याचं उत्तर काढून पाठवते. उत्तर जुळलं तरच इंजिन सुरू करायला परवानगी मिळते. काही गाड्यांत परवानगीविना सेल्फच फिरत नाही. काहींत सेल्फ फिरतो, पण इंधन बंद असल्याने इंजिन धरत नाही किंवा धरून लगेच बंद पडतं. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचं आहे. तारा जोडून गाडी पळवण्याचा जुना धंदा त्यामुळेच अवघड झाला.

काही चाव्यांत ही चिप रिमोटच्या सर्किटवरच असते. पण अनेकांत ती वेगळी असते: तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा, कव्हरच्या खोबणीत घट्ट बसवलेला. डोंबिवलीच्या गृहस्थांची चिप जुन्या कव्हरमध्येच राहिली होती आणि ते कव्हर चावीवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात होतं. नशीब, डबा अजून रिकामा झाला नव्हता. चिप नव्या कव्हरमध्ये बसवली आणि गाडी लगेच सुरू झाली.

सगळ्यांचं काम इतक्यात आटपत नाही. म्हणून आधी दिवा नीट पाहावा. गाडी लॉक करून उभी असताना दिवा संथ लुकलुकत असेल, तर बहुतेक गाड्यांत तो नुसता पहारा असतो. बिघाडाची खूण वेगळी. इग्निशन ऑन केल्यावर तो दोन-तीन सेकंद पेटून विझायला हवा. भराभर लुकलुकतच राहिला, तर चावी ओळखली गेलेली नाही. दिवा नीट विझला, पण सेल्फ टकटक करून थांबला आणि हेडलाइट मंदावले, तर आधी बॅटरी तपासा. निरोगी बॅटरी, गाडी बंद असताना, साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. अगदी उतरलेली बॅटरीही इमोबिलायझरचा गोंधळ उडवते.

बॅटरी ठीक असेल, तर दुसरी चावी आणा. तिने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या चावीत आहे: चिप हरवली, फुटली किंवा कोड पुसला गेला. दोन्ही चाव्यांना नकार मिळाला, तर संशय कड्यावर, त्याच्या वायरिंगवर किंवा इमोबिलायझरवर जातो. दोन चिपवाल्या चाव्या एकाच कड्यात अडकवल्या असतील तर त्या वेगळ्या करून पाहा. दोन्ही चिपा एकदम उत्तर देऊ लागल्या की गाडी गोंधळते. फोर्डच्या कित्येक गाड्यांत हा दिवा मिनिटभर भराभर लुकलुकून मग दोन अंकी कोड दाखवतो. १३ म्हणजे चिपकडून उत्तरच आलं नाही, १५ म्हणजे उत्तर आलं, पण ही चावी गाडीला ओळखीची नाही. पहिल्यात चिप किंवा कडं शोधायचं, दुसऱ्यात चावीची नोंद करायची.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपत आला असेल, तर ब्रेक (किंवा क्लच) दाबून रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा. अनेक मॉडेलांत अगदी जवळून चिप वाचली जाते. काहींत त्यासाठी वेगळी जागा असते, ती गाडीच्या पुस्तिकेत सापडेल.

चिप हरवलीच तर बाजारातली कुठलीही चिप चालत नाही. तिची गाडीच्या इमोबिलायझरमध्ये नोंद करावी लागते आणि त्यासाठी स्कॅनर, कित्येकदा कंपनीकडचा पिन लागतो. तो मिळवायला आरसी आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. काही मेकॅनिक स्वस्तातला उपाय म्हणून एक चिप कायमची कड्याजवळ चिकटवून देतात. हे करू देऊ नका. मग नुसत्या साध्या पात्यानेही गाडी सुरू होते. दोन्ही चाव्या हरवल्या तर खर्च कैक पटींनी वाढतो, कारण काही गाड्यांत इमोबिलायझरच नवा बसवावा लागतो. दुसरी चावी कपाटात असेल, तर आजच एकदा तिने गाडी सुरू करून पाहा.