विश्लेषण : मेलेल्या माशाचा मेंदू ‘विचार’ करताना कसा दिसला? एफएमआरआयमधील खोट्या ठिपक्यांची गोष्ट…

‘प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग उजळतो’ अशा बातम्या आणि सोबतचे लाल-पिवळे ठिपक्यांचे फोटो आपण नेहमी पाहतो. असाच एक ठिपका अमेरिकेतील संशोधकांना एका सामन माशाच्या डोक्यात दिसला. अडचण एवढीच, की मासा मेलेला होता.

प्रयोग काय होता?

क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका परिषदेत हे काम मांडले. सुमारे दीड फूट लांबीचा मासा एफएमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवण्यात आले आणि ‘या व्यक्तीच्या मनात कोणती भावना असेल?’ असेही रीतसर विचारण्यात आले. (मासा मेला असला तरी प्रयोगाचे नियम पाळायला हवेतच!) साडेपाच मिनिटांत १४० प्रतिमा मिळाल्या.

एफएमआरआय मेंदूचे छोट्या घनाकृती ठोकळ्यांत तुकडे पाडते. हा ठोकळा म्हणजे व्हॉक्सेल. रक्तातील ऑक्सिजनमुळे होणारा सिग्नलचा बदल प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये वेळोवेळी मोजला जातो. मग संगणक प्रत्येक व्हॉक्सेलसाठी स्वतंत्र चाचणी करतो : फोटो दिसत असताना सिग्नल वाढला का? माशाच्या बाबतीत अशा ८०६४ चाचण्या झाल्या. त्यात १६ व्हॉक्सेल ‘सक्रिय’ निघाले आणि त्यातले काही चक्क मेंदूच्या पोकळीत एकमेकांना चिकटून होते.

मग चूक कुठे झाली?

यंत्र बिघडलेले नव्हते. निकष होता ०.००१, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता हजारात एक. ऐकायला हा निकष कडक वाटतो. पण नाणे सलग दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा येण्याची शक्यताही साधारण एवढीच असते. एकट्याने हे करून दाखवले तर आपण नाणे तपासायला घेऊ. ८०६४ जणांना नाणी उडवायला लावली, तर सुमारे आठ जणांना दहा छापे मिळणारच आणि त्यात कुणाचेच कौतुक नाही.

माशात आठाऐवजी १६ का? शेजारच्या व्हॉक्सेलमधला गोंगाट एकमेकांसारखा असतो. त्यामुळे असे योगायोग घोळक्याने येतात आणि आकडा आठाच्या बराच वर-खाली होऊ शकतो. ‘किमान तीन व्हॉक्सेल शेजारी असतील तरच मानू’ ही अटही म्हणूनच माशाला रोखू शकली नाही. माणसाच्या मेंदूच्या विश्लेषणात तर व्हॉक्सेलची संख्या लाखाच्या पुढे जाते.

दुरुस्ती कशी करतात?

सर्वात सोपी पद्धत बॉनफेरोनीची. संपूर्ण मेंदूत एकही खोटा ठिपका येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवायची, तर ०.०५ ला ८०६४ ने भागायचे. नवा निकष येतो साधारण ०.०००००६. पण ही पद्धत शेजारच्या व्हॉक्सेलमधील साम्याचा फायदा घेत नाही, म्हणून गरजेपेक्षा कडक ठरते आणि खरे पण क्षीण सिग्नलही बाहेर फेकते. शेजाऱ्यांमधील साम्य हिशेबात धरणारी ‘रँडम फील्ड’ पद्धत त्यामुळे अधिक वापरली जाते.

दुसरा मार्ग फॉल्स डिस्कव्हरी रेट किंवा एफडीआर. इथे एकही चूक नको असा हट्ट नाही. सक्रिय ठरलेल्यांपैकी सरासरी ५ टक्क्यांहून जास्त खोटे नसावेत, एवढेच पाहायचे. सर्व निकाल सर्वात ठळकापासून क्रमाने लावतात. पहिल्याला बॉनफेरोनीचाच निकष, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट. सोळाव्याला साधारण ०.०००१, म्हणजे मूळ निकषाच्या दहापट कडक.

दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्या लावल्यावर माशाच्या डोक्यात एकही ठिपका उरला नाही. ५ टक्क्यांची मर्यादा २५ पर्यंत सैल केली, तरीही नाही. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल मिळाले.

आता सगळे सुरळीत आहे का?

पूर्णपणे नाही. स्वीडनमधील आंदर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४९९ निरोगी व्यक्तींचे, नुसते पडून असतानाचे आधीच उपलब्ध असलेले स्कॅन वापरले, त्यांचे मनाला येतील तसे गट पाडले आणि नसलेला फरक शोधून पाहिला. खोटे निकाल ५ टक्क्यांत यायला हवे होते. ठिपक्यांच्या घोळक्यांवर आधारलेल्या दुरुस्तीत काही वेळा ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. शेजारच्या व्हॉक्सेलमधील साम्य अंतरानुसार कसे घटते, याबद्दल सॉफ्टवेअरने धरलेले गृहीतक प्रत्यक्षाशी जुळत नव्हते. घोळका ठरवण्याचा सुरुवातीचा निकष ०.०१ इतका सैल असेल, तर परिस्थिती आणखी बिघडे. माहितीचीच वारंवार अदलाबदल करून योगायोगाची पातळी मोजणारी पर्म्युटेशन पद्धत बहुतांश चाचण्यांत बरी ठरली.

त्यामुळे पुढच्या वेळी असा रंगीत फोटो दिसला आणि मूळ शोधनिबंध हाताशी असेल, तर फोटोखालची ओळ वाचा. तिथे `p < 0.001, uncorrected` असे लिहिलेले असेल आणि पुढे कोणत्याही दुरुस्तीचा उल्लेख नसेल, तर नेमक्या याच निकषावर मासाही पास झाला होता.