दोन रेषा, दोन माणसं

तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारते. टेबलावर एचआयव्हीच्या दोन पट्ट्या ठेवायच्या, दोन्हींवर दोन-दोन गुलाबी रेषा. एक पट्टी सहाव्या महिन्यातल्या गरोदर बाईची. तिची तक्रार कसलीच नाही, नेहमीच्या तपासणीला आलेली. दुसरी चाळिशीतल्या माणसाची. तीन महिन्यांत त्याचं दहा किलो वजन उतरलंय, खोकला हटत नाही आणि जिभेवर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर आहे. "दोघांना काय सांगाल?" असं विचारलं आणि "दोघंही पॉझिटिव्ह" असं उत्तर आलं, की विद्यार्थ्याची पुढची दहा मिनिटं अवघड जातात.

पट्टीवर रक्ताचा थेंब आणि द्रावण टाकलं की ओल पुढे सरकत जाते. पहिली रेष फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते. ती उमटली नाही तर चाचणी बाद. दुसरी रेष विषाणूची नसते, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची असते. आणि कधीतरी भलत्याच प्रतिपिंडांनाही ती फसते.

किती फसते, ते हिशेबाने बघू. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. त्या बाईसारख्या एक लाख जणी तपासल्या, तर लागण असलेल्या सुमारे २०० निघतील. किट चांगलं आहे, लागण असलेली एकही सुटत नाही, पण लागण नसलेल्या हजारात पाच जणींना चुकून दुसरी रेष दाखवतं असं धरा. म्हणजे ९९,८०० जणींपैकी ४९९ जणींना उगाचच दोन रेषा. एकूण ६९९ जणी रिअ‍ॅक्टिव्ह, त्यात खऱ्या २००. दहा जणींत जेमतेम तीन! आता त्या माणसासारखी लक्षणं असलेले एक लाख रुग्ण घ्या, आणि त्यांच्यात दर पाचांत एकाला लागण आहे असं धरा. खरे २०,०००, खोटे ४००. इथे दोन रेषा दिसल्या तर शंभरातले अठ्ठ्याण्णव खरे. किट तेच, रेषा त्याच, अर्थ मात्र वेगळा.

विद्यार्थी ज्या 'स्ट्रॅटेजी' पाठ करतात, त्यांच्यामागे एवढंच गणित आहे. पहिलं किट एकही लागण सुटू न देणारं हवं, पुढची किट खोट्या रेषा गाळणारी. वरच्या ४९९ जणींवर तितकंच चांगलं दुसरं किट लावलं की दोन-तीन उरतात, तिसरं लावलं की जवळजवळ कुणीच उरत नाही. म्हणून लक्षणं नसलेल्यांना तीन चाचण्या. आजारी माणसाच्या गटात दुसऱ्या किटनेच ४०० चे दोन होतात, म्हणून नॅकोच्या जुन्या मांडणीत त्याला दोन पुरत. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांनाच तीन सुचवल्या आहेत. रक्तपेढीचं गणित निराळं. तिथे प्रश्न बाटलीचा असतो. एक चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली की रक्त टाकून द्यायचं, पण तेवढ्यावर दात्याला एचआयव्ही आहे असं म्हणायचं नाही. त्याला आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात पाठवायचं.

एक अट मात्र विसरली जाते. तिन्ही किट वेगळ्या प्रतिजनांवर किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी हवीत. एकच किट तीनदा लावलं तर तीच चूक तीनदा उमटेल.

आपल्या बाईची दुसरी आणि तिसरी चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून निकाल निगेटिव्ह. दुसरी रिअ‍ॅक्टिव्ह आणि तिसरी नाही असं झालं असतं, तर निकाल 'अनिश्चित' लिहून तिला दोन ते चार आठवड्यांनी परत बोलवावं लागलं असतं, कारण लागण अगदी ताजीही असू शकते.

ताज्या लागणीत पट्टी कोरी राहते. विषाणू शिरल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येतं. घरचे म्हणतात व्हायरल आहे, आणि तसं म्हणण्यात खोटं काहीच नाही. रक्तात विषाणूंची गर्दी असते, पण प्रतिपिंड पुरेसे तयार नसतात. बहुतेकांत ते तीन-चार आठवड्यांत दिसू लागतात, काहींना तीन महिने लागतात. हाच तो 'विंडो पिरियड'. चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं पी२४ हे प्रथिनही पकडते, म्हणून तिला थोडं आधी कळतं. बाळाचं बरोबर उलटं. आईचे प्रतिपिंड वारेतून त्याच्याकडे येतात, त्यामुळे लागण नसतानाही दीड वर्षापर्यंत पट्टी दोन रेषा दाखवू शकते. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेचं रक्त गाळणकागदावर घेऊन विषाणूचं जनुकच शोधतात.

पुढची काही वर्षं शांत जातात. उपचार नसतील तर सरासरी आठ-दहा. माणूस कामावर जातो आणि आत सीडी४ पेशी झिजत राहतात. निरोगी माणसात घन मिलिमीटरला त्या ५०० ते १५०० असतात, २०० च्या खाली गेल्या की एड्स. आपल्या रुग्णाच्या, म्हणजे माझ्या प्रश्नातल्या माणसाच्या, ६० होत्या.

त्याच्या थुंकीत टीबीचे जंतू दिसले नाहीत, छातीच्या फोटोत पोकळीही नाही. नवखा डॉक्टर इथे टीबी नाही असं लिहून मोकळा होतो. पण फुप्फुसात पोकळी पडते ती मुख्यतः शरीर जंतूंशी जोराने झुंजतं म्हणून, आणि पोकळीतूनच थुंकीत जंतूंचा लोंढा येतो. झुंजच नाही तर पोकळी कुठून येणार? सीबीनॅट या जनुकीय चाचणीत टीबी सापडला.

आठवड्याने डोकं दुखू लागलं. मान फारशी ताठ नाही, ताप बेताचा. पाठीतून पाणी काढलं तर त्यात पेशी मोजक्याच. एरवी मेंदूज्वरात त्या भरमसाट असतात, पण त्या पाठवायला शरीरात बळ हवं. त्या पाण्याचा थेंब इंडिया इंकमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काळ्याभोर पार्श्वभूमीवर गोल पेशी दिसतात आणि प्रत्येकीभोवती स्वच्छ पांढरं कडं. क्रिप्टोकॉकस नावाची ही बुरशी. सीडी४ साधारण १०० च्या खाली गेल्यावर ती मेंदूत डाव साधते. शाईत दिसली नाही म्हणून ती नाही असं नव्हे, तिच्या आवरणाची चाचणी जास्त भरवशाची.

आता एआरटी कधी सुरू करायची? नुसता टीबी असता तर टीबीची औषधं सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत. पण मेंदूत ही बुरशी असताना तशी घाई केली, तर सावरलेली प्रतिकारशक्ती बुरशीवर तुटून पडते, बंद कवटीत दाब वाढतो आणि रुग्ण दगावू शकतो. म्हणून आधी बुरशीचं औषध, आणि एआरटी चार ते सहा आठवड्यांनी. पट्टी पाहताच त्याच दिवशी गोळ्या देणाऱ्या विद्यार्थ्याला मी इथे थांबवते.

गोळ्या नियमित घेतल्या की काही महिन्यांत रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो, वजन भरतं, जीभ साफ होते. मग काही जण गुपचूप दुसरीकडे जाऊन पट्टी करून बघतात आणि हिरमुसतात. दोन रेषा तशाच असतात. प्रतिपिंड जात नाहीत. औषध लागू पडलं का, ते व्हायरल लोडवरून कळतं.