संमतिपत्रातील एक परिच्छेद

‘नमुनासंकलनात अल्प अस्वस्थता संभवते, सहभाग ऐच्छिक आहे.’ रक्ततपासणीच्या एखाद्या अभ्यासासाठी हा मजकूर पार्से गावी वाचून दाखविला, तर बागायतीतून आलेला मनुष्य मान डोलावील आणि अंगठा उठवील; पण सुई किती दुखेल आणि नकार दिल्यास तुयेच्या इस्पितळातले उपचार थांबतील की काय, ही त्याच्या मनातली भीती तशीच राहील.

तोच परिच्छेद असा लिहावा: ‘हाताच्या शिरेतून ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान चमचाभर, रक्त घेऊ. टोचताना दुखेल, जागा काळीनिळी पडू शकेल, क्वचित घेरी येईल किंवा जागा पिकेल. नको वाटल्यास केव्हाही, कारण न देता, नाही म्हणा. तुमचे नेहमीचे औषधपाणी चालूच राहील. तुम्ही माघार घेतल्यास उरलेले रक्त नष्ट करू. मात्र अहवालात मिसळलेली माहिती परत काढता येणार नाही.’

हे शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो, परंतु माघारीची मर्यादा लपविणे हा विश्वासभंगच होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरक्षर व्यक्तीच्या संमतीस निःपक्ष साक्षीदार हवा. त्याच्यासमक्ष त्या व्यक्तीला ‘घरी हे कसे सांगाल?’ असे विचारावे, आणि उत्तरात माघारीचा उल्लेख न आल्यास अंगठा न घेता परिच्छेद पुन्हा समजावून सांगावा.