डोळ्यात साकळलेले रक्त

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अचानक लालभडक डाग दिसला की त्याला ‘डोळ्यात रक्त उतरले’ किंवा ‘रक्त साकळले’ असे म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत हे सबकंजंक्टायव्हल हॅमरेज. बहुतेक वेळा माणसाला त्याची जाणीवही नसते. सकाळी दात घासताना आरशात दिसते किंवा घरातले दुसरे कोणीतरी पाहून दचकते. डाग दिसायला भीतीदायक असला, तरी एरवी तो जवळपास नेहमीच निरुपद्रवी असतो. थोड्याच प्रसंगी मात्र तो दुसऱ्या कशाची तरी खूण असतो, आणि ते प्रसंग ओळखता येतात.

डोळ्याच्या पांढऱ्या, जाड कवचावर काचेसारखा पारदर्शक आणि अतिशय पातळ पापुद्रा पसरलेला असतो. त्यात आणि त्याच्या खाली केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यातली एखादी फुटली की पापुद्रा आणि पांढरे कवच यांच्या मधल्या जागेत रक्त पसरते. हे रक्त जेमतेम थेंब-दोन थेंब असते, पण कागदावर सांडलेल्या शाईसारखे पातळ पसरल्याने खूप वाटते. त्वचेखाली मार लागला तर डाग काळानिळा दिसतो. इथे मात्र वरचा पापुद्रा पारदर्शक असतो आणि हवेतला ऑक्सिजन त्यातून झिरपून रक्तापर्यंत पोहोचतो, म्हणून रंग ताज्या रक्तासारखा भडक राहतो. बुबुळाच्या कडेला हा पापुद्रा घट्ट चिकटलेला असल्याने रक्त तिथे येऊन थांबते. त्यामुळेच डाग बुबुळावर चढत नाही आणि नजर होती तशीच राहते.

रक्तवाहिनी फुटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जोराचा खोकला. खोकताना छातीतला दाब एकदम वाढतो, डोक्याकडून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट क्षणभर अडते आणि तो दाब मागे मानेच्या व चेहऱ्याच्या शिरांवर येतो. खोकल्याची उबळ आलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो आणि मानेच्या शिरा फुगतात, ते यामुळेच. त्या वेळी डोळ्यातली एखादी नाजूक वाहिनी तग धरत नाही. लागोपाठ शिंका, उलट्या, बद्धकोष्ठात कुंथणे, जड पोते उचलणे, बाळंतपणातल्या कळा यांत हेच घडते. डांग्या खोकल्याच्या मुलांत दोन्ही डोळे असे लाल झालेले दिसू शकतात. डोळा चोळण्याने मात्र वाहिनीला सरळ बाहेरून इजा होते. ॲलर्जीने खाज सुटते, माणूस झोपेतही डोळा चोळतो आणि सकाळी कारण आठवत नाही. वय वाढले की हा पापुद्रा सैल होतो आणि वाहिन्या ठिसूळ होतात, म्हणून साठीनंतर अगदी किरकोळ कारणही पुरते.

समजा, बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांना आठवडाभर कोरडा खोकला आहे. रात्री दोनदा जोराची उबळ आली आणि सकाळी डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, वाटाण्याएवढा लाल डाग दिसला. डोळा दुखत नाही, उजेड खुपत नाही, चिपडे नाहीत, वर्तमानपत्र नेहमीसारखे वाचता येते. पापणी मिटताना थोडे खुपल्यासारखे वाटते, एवढेच. दुसऱ्या दिवशी डाग वाढून अर्धा पांढरा भाग व्यापतो आणि घरचे घाबरतात. पण पहिल्या एक-दोन दिवसांत रक्त पसरणे आणि वजनाने खाली सरकणे हे अपेक्षितच असते. तेवढ्यावरून पुन्हा रक्तस्राव झाला असे समजण्याचे कारण नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कडा फिक्या होतात, लाल रंग तपकिरी आणि मग पिवळसर होतो. साधारण दोन आठवड्यांत डोळा पूर्ववत होतो. डाग मोठा असेल तर तीन आठवडेही लागतात.

हे रक्त शोषून घेण्याची गती कोणत्याही थेंबांनी वाढत नाही. खुपत असेल तर कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब पुरतात. लाली घालवण्यासाठी दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या थेंबांचा इथे उपयोग नसतो. त्यांत स्टिरॉइड असेल तर दीर्घ वापराने डोळ्यातला दाब वाढून उलट नुकसान होऊ शकते. मध, दूध, एरंडेल किंवा कसलाही रस डोळ्यात घालू नये, कारण निर्जंतुक नसलेल्या वस्तूने डोळ्याला संसर्ग होऊ शकतो. खरा उपचार मूळ कारणाचा: खोकला थांबवणे, डोळा न चोळणे.

या गृहस्थांनी एक गोष्ट मात्र जरूर करावी: रक्तदाब मोजून घ्यावा. वाढलेला रक्तदाब स्वतः काही जाणवू देत नाही, आणि डोळ्यातल्या या डागाच्या निमित्ताने तो पहिल्यांदा सापडल्याची उदाहरणे आहेत. मधुमेहाचीही तपासणी करून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असतील तर डाग मोठा पडतो. म्हणून गोळी आपण होऊन बंद करणे धोक्याचे, कारण ती हृदयासाठी किंवा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली असते. वॉरफरिन घेणाऱ्याने डॉक्टरांना कळवून रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी करावी. असे डाग वारंवार पडू लागले, किंवा सोबत हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ लागले, अंगावर विनाकारण काळेनिळे वळ दिसू लागले, तर रक्ताची तपासणी टाळू नये.

डोळे आले असतील तर चित्र वेगळे दिसते: सगळा डोळा गुलाबी, चिकट चिपडे आणि पाणी. साथीच्या एका विषाणूजन्य प्रकारात मात्र डोळे येण्याबरोबर रक्ताचे डागही पडतात. 1969 मध्ये घानात त्याची साथ प्रथम नोंदली गेली, तर 1971 मध्ये बंगालमध्ये पसरलेल्या साथीला लोकांनी ‘जय बांगला’ हे नाव दिले. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसत असतील, तर तो साधा डाग नव्हे. बुबुळाचा दाह किंवा काचबिंदूचा झटकाही असू शकतो आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागते.

सर्वांत जास्त सावध राहायचे ते मार लागल्यानंतर. डोक्याला किंवा डोळ्याला आघात झाल्यावर डाग आला, आणि डोळा बाजूला फिरवूनही त्याची मागची कड दिसत नसेल, तर रक्त मागून, कवटीच्या तळाच्या किंवा खोबणीच्या मोडलेल्या हाडाकडून आलेले असू शकते. चारही बाजूंनी फुगलेला, उंचवट्यासारखा लाल भाग असेल तर खालचे पांढरे कवच फाटलेले असण्याची शक्यता असते. हातोडीने छिन्नीवर घाव घालताना उडालेला लोखंडाचा कण आत शिरला, तर बाहेर फक्त एक लहानसा लाल ठिपका दिसतो आणि वेदना फारशी नसते. अशा वेळी डोळा चोळू नये, दाबू नये, धुऊ नये. स्वच्छ कपच्या तळासारखे काही डोळ्यावर न टेकवता झाकणासारखे धरावे आणि थेट रुग्णालयात जावे. नवजात बाळाच्या डोळ्यात प्रसूतीच्या दाबाने पडलेला असा डाग सहसा आपोआप जातो. पण काही महिन्यांच्या बाळाला खोकला, उलटी असे काहीच नसताना तो दिसला, तर बालरोगतज्ज्ञाने बाळाला पूर्ण तपासायलाच हवे, कारण बाळाला इजा झाली असण्याची शक्यताही त्यात गृहीत धरावी लागते.