चाळीस मिलिमीटरची जागा

पूल टेबलावरचा पट्टेवाला चेंडू घ्या, पट्टा आडवा ठेवा आणि क्यूने चेंडूच्या बरोबर मध्यावर टोला द्या. पट्टा आधी जवळजवळ जागेवरच राहतो. चेंडू बर्फावरून सरकावा तसा घसरत जातो आणि मग हळूहळू गरगरू लागतो. सेकंदाला दोन मीटर वेगाने निघाला, तर साध्या कापडावर साधारण अर्धा मीटर हा घसरण्याचा प्रकार चालतो. कापड चेंडूचा तळ मागे ओढत राहतं. शेवटी लोळणं सुरू होतं तेव्हा मूळ वेगाचे सातातले पाचच भाग उरलेले असतात.

ही घसरण टाळायची तर टोला मध्याच्या वर हवा. किती वर? फ्रेंच गणिती कोरिऑलिस यांनी १८३५ साली बिलियर्डवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला हिशेब आजही चालतो. क्यू आडवा असेल, तर व्यासाच्या सात दशांश उंचीवर. पुलाचा चेंडू ५७ मिलिमीटरचा, म्हणजे कापडापासून ४० मिलिमीटर, मध्यापासून जेमतेम साडेअकरा. तिथे दिलेला धक्का चेंडूला पुढे ढकलतानाच नेमकी हवी तेवढी गिरकी देतो. तळ कापडावर क्षणभर स्थिर राहतो आणि पट्टा पहिल्यापासून फिरतो.

त्याहून वर मारलं, तर गिरकी जास्त होते आणि कापडच चेंडूला पुढे रेटतं. पण तिथे जागा फार थोडी असते: मध्यापासून साधारण चौदा मिलिमीटरच्या पुढे खडू लावलेलं टोकही निसटतं. हा चुकलेला टोला कानालाच कळतो, टकऽ असा कोरडा.