ओठ आधी, आवाज मागून

आमच्या घरात हॉल एकच आणि त्याला लागून असलेल्या खोलीत मुलाचा दहावीचा अभ्यास. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे संध्याकाळी सात ते साडेनऊ मालिकांचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. मुलाचा ब्लूटूथ हेडफोन घरात पडून होता, पण आमच्या जुन्या टीव्हीत ब्लूटूथ नाही. मागे फक्त एक चौकोनी भोक, वर ‘ऑप्टिकल’ असं लिहिलेलं आणि आतून लालसर उजेड. टीव्ही घेतल्यापासून त्या भोकाला कोणी हात लावला नव्हता.

हे भोक म्हणजे टीव्हीच्या आवाजाची बाहेर पडण्याची वाट. आवाज इथून वीज म्हणून न जाता प्रकाशाच्या लुकलुकण्यातून जातो. तोशिबा कंपनीने 1983 मध्ये ही जोडणी आणली, आणि आजही बऱ्याच टीव्हींना ती असते. या भोकात केबल घालून दुसरं टोक काड्यापेटीएवढ्या ट्रान्समीटरला लावलं, की तो आवाज ब्लूटूथवरून हेडफोनकडे पाठवतो. ट्रान्समीटरला वीज टीव्हीच्या यूएसबीतून मिळते, म्हणजे टीव्हीबरोबर तोही सुरू होतो. केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात, त्या मात्र आधी काढायच्या. मी एक तशीच ठेवून दहा मिनिटं जोर लावत बसले होते.

टोपी काढली, केबल ‘टक’ करून बसली, हेडफोन जोडला गेला. आणि कानात आली नुसती खरखर. ट्रान्समीटर बिघडलाय असं वाटून परत करायला निघालेच होते, पण दोष त्याचा नव्हता. त्या एकाच केबलमधून आवाज दोन तऱ्हांनी जाऊ शकतो: साधा डावा-उजवा, किंवा होम थिएटरसाठी दाबून बांधलेला डॉल्बीचा गठ्ठा. स्वस्तातल्या ट्रान्समीटरना बहुधा हा गठ्ठा सोडवता येत नाही. मग खरखर तरी येते, नाहीतर पूर्ण शांतता. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये `Digital Audio Out` किंवा अशाच नावाची ओळ असते. तिथे `Auto` किंवा `Bitstream` असेल ते बदलून `PCM` करायचं. एखाद्याच चॅनलवर आवाज जात असेल, तर सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येही हाच बदल करून बघावा. आमच्याकडे टीव्हीतल्या एका बदलाने काम झालं.

बाबा खूश झाले. वीस मिनिटांनी हाक आली, “अगं, हिचे ओठ आधी हलतात आणि ही मागून बोलते. डब केलेल्या सिनेमासारखं वाटतंय!”

मी मोजायचं ठरवलं. यूट्यूबवर टाळी वाजवणाऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला, टीव्हीचे स्पीकर बंद केले, हेडफोनचा कप फोनच्या माइकला चिकटवला आणि फोनने टीव्हीच्या पडद्याचंच चित्रण केलं. नंतर ते एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं. हात एकमेकांना भिडले त्या चौकटीपासून टाळी ऐकू येईपर्यंत सात चौकटी. सेकंदाला तीस चौकटींच्या हिशेबाने हा उशीर सुमारे 230 मिलिसेकंदांचा झाला, म्हणजे जवळपास पाव सेकंद.

पाव सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण मैदानात सीमारेषेपाशी, फलंदाजापासून सत्तर मीटरवर बसलं, की चेंडू बॅटला लागलेला दिसतो आणि ‘ठक्’ साधारण 200 मिलिसेकंदांनी कानावर येतो. तिथे ते खटकत नाही, कारण माणूस लांब आहे हे डोळ्यांना दिसत असतं. मालिकेतल्या सुनेचा चेहरा मात्र पडदाभर असतो आणि तिचा आवाज सत्तर मीटरवरून येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत या खटकण्याची मर्यादा दिली आहे: आवाज चित्राच्या सुमारे 125 मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकाच्या लक्षात यायला लागतं. तो पुढे गेला तर मात्र 45 मिलिसेकंदांतच कळतं.

उशीर होतो तो हवेतून जाताना नाही. ट्रान्समीटर आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते दाबतो आणि पाठवतो. वाटेत वाय-फायच्या गर्दीत एखादा तुकडा हरवला, तर पुन्हा पाठवावा लागतो. तोवर आवाज तुटू नये म्हणून हेडफोन पुढचे काही तुकडे जमवून ठेवतो आणि मगच वाजवायला सुरुवात करतो. उशिराचा मोठा वाटा या जमवाजमवीचा असतो. गाणी ऐकताना त्याने काहीच बिघडत नाही, गाण्याला ओठ नसतात.

आवाज दाबण्या-सोडवण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी नावाचा कोडेक संगीत पाठवणाऱ्या प्रत्येक नेहमीच्या ब्लूटूथ यंत्रात असावाच लागतो, आणि त्यात उशीर बहुधा 150 ते 250 मिलिसेकंद असतो. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी हा कोडेक खास याच दुखण्यासाठी काढलेला, तो उशीर 40 च्या आसपास आणतो. त्यानंतर आलेला अ‍ॅप्टएक्स अ‍ॅडाप्टिव्ह साधारण 50 ते 80 च्या घरात राहतो. माझ्या ट्रान्समीटरच्या खोक्यावर ‘लो लेटन्सी’ ठळक छापलेलं होतं, तरी सात चौकटी आल्या. कारण कोडेक दोन्ही टोकांना सारखा लागतो. मुलाच्या हेडफोनला तो येत नव्हता, म्हणून दोघांनी आपसांत एसबीसीवर जमवून घेतलं, आणि हे कुठल्याही पडद्यावर कोणी सांगितलं नाही. महागडा हेडफोन असला तरी हीच गत होऊ शकते. एअरपॉड्सना अ‍ॅप्टएक्स येत नाही. एलडीएसी हा नावाजलेला कोडेक आवाजाच्या दर्जासाठी आहे, वेगासाठी नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज-चित्र जुळवण्याची सोय असते, तिचाही इथे उपयोग झाला नाही. ती आवाजाला आणखी थांबवू शकते, आणि आपला आवाज आधीच मागे पडलेला. हा आकडा शून्यावर ठेवणं एवढंच आपल्या हातात. संगणकावर व्हीएलसीतून सिनेमा बघत असाल तर आवाज पुढे ओढता येतो, पण केबलवरच्या मालिकेला ते कुठून करणार?

नवा हेडफोन घेण्याऐवजी मी त्याच कोडेकचा एक छोटा रिसीव्हर घेतला. शर्टाच्या खिशाला अडकवायचा आणि त्यात साधा वायरचा हेडफोन खोचायचा. बाबांचा रेडिओसाठीचा जुना, कानाला सवयीचा हेडफोन त्यात बसला. पुन्हा टाळी, पुन्हा चित्रण: या वेळी एक चौकट, कधी दोन. बाबांना न सांगता मालिका लावून दिली, ओठांबद्दल तक्रार आली नाही.

आता सासूबाई टीव्हीच्या स्पीकरवर हळू आवाजात ऐकतात आणि बाबा हेडफोनवर. आमच्या टीव्हीत ऑप्टिकल आणि स्पीकर दोन्ही एकदम चालतात. काही टीव्हींत ऑप्टिकल निवडलं की स्पीकर गप्प होतात, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या टीव्हीत हे तपासून घ्यावं. दोन हेडफोन एकदम जोडायचे असतील, तर ट्रान्समीटरच्या माहितीपत्रकात तेव्हा कोणता कोडेक चालतो ते बघावं, कारण काही ट्रान्समीटर अशा वेळी लो लेटन्सी सोडून देतात. आणि ऑप्टिकलमधून आवाज बहुतेक टीव्हींत एकाच पातळीवर बाहेर पडतो, तो कमी-जास्त करायचा तर रिसीव्हरवरच्या बटणाने. बाबा अजून रिमोटच दाबतात. त्यांना काही फरक पडत नाही, सासूबाईंचा आवाज मात्र एकदम वाढतो आणि खोलीतून मुलगा ओरडतो, “आजोबा, खिशातलं बटण!”